एक भांडे, एक प्रश्न

भांड्यांच्या दुकानात माल जितका मांडणीवर असतो, तितकाच तो मालकाच्या बोलण्यात असतो. काशाचा वाडगा आणि पितळेचा वाडगा यांत फरक काय, कल्हई उडाली हे कसे ओळखावे, तांब्याच्या भांड्यात ताक का ठेवू नये, हे सर्व गिऱ्हाइकाला गादीवर बसलेल्या माणसाकडून कळते आणि त्या कळण्यातूनच त्या पेढीची पत वाढते. सांगली भागातील एका बाजारगावी अशीच एक तीन पिढ्यांची पेढी आहे. तेथील अण्णांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहे. दुकान थोरला मुलगा आणि सूनबाई पाहतात, पुतण्या वसुली व खरेदी सांभाळतो, आणि नात वाणिज्य शाखेत शिकते. अण्णांच्या जवळ जे ज्ञान आहे ते वहीत कोठेच उतरलेले नाही, ही जाणीव सर्वांत आधी सूनबाईंना झाली. त्यांतूनच मोबाइलवर लहान लहान चित्रफिती करण्याची कल्पना पुढे आली.

पहिला प्रयत्न पुतण्याने केला. दुकानात गर्दी नसेल तेव्हा फोन काढायचा आणि अण्णांना काहीतरी बोलायला लावायचे, अशी त्याची रीत होती. एके दिवशी तांब्याचा बंब, दुसऱ्या दिवशी दिवाळीची सवलत, तिसऱ्या दिवशी कोठल्या तरी गाजलेल्या गाण्यावर फिरणारी पातेली. पाच आठवडे हा प्रकार चालला. त्यानंतर लग्नसराई आली, मोकळा वेळ संपला आणि चित्रफितीही संपल्या. पुतण्या कामाचा मुळीच कमी नव्हता. प्रत्येक वेळी विषय नवा, मांडणी नवी आणि वेळही नवी शोधावी लागे. रोज नव्या पद्धतीने खतावणी करणारा मुनीम जसा महिन्याभरात थकेल, तसेच हे झाले.

सूनबाईंनी दुसऱ्या वेळी सुरुवात फोनपासून केली नाही, वहीपासून केली. गल्ल्याजवळ एक दोनशे पानी वही ठेवली आणि महिनाभर गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत तीत लिहायचा, असे ठरवले. "हे चुंबकाला चिकटते, म्हणजे हलके स्टील ना?" "पितळेच्या डब्यात लोणचे राहील का?" "काशाचे ताट काळे पडले, आता टाकून द्यायचे का?" महिनाअखेर सर्वांनी बसून वही वाचली. जे प्रश्न तीन किंवा अधिक वेळा आले होते, त्यांच्यासमोर खूण केली. भावाविषयीचे सर्व प्रश्न बाजूला काढले, कारण तांब्यापितळेचा भाव बदलत राहतो आणि आज सांगितलेला आकडा सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला खोटा वाटतो. "तांब्याच्या पाण्याने अमुक आजार बरा होतो का" या जातीचे प्रश्नही अण्णांनी वगळायला लावले. त्यांचे म्हणणे सरळ होते, "जे आपल्याला दुकानात करून दाखवता येते तेवढेच बोलायचे. औषध सांगणे हा आपला धंदा नाही."

या दोन चाळण्या लावल्यावर पहिल्याच महिन्याच्या वहीतून बावीस प्रश्न उरले. त्यांतून मालिकेचे स्वरूप आपोआप ठरले. प्रत्येक भागात एकच भांडे, एकच प्रश्न आणि डोळ्यांसमोर केलेली एकच परीक्षा. नावही तेच ठेवले, 'एक भांडे, एक प्रश्न'. पाहणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या भागानंतर पुढे काय येणार हे ठाऊक असते, फक्त भांडे आणि प्रश्न बदलतो. करणाऱ्यालाही हीच सोय होते. बाकी सर्व काही आधी ठरलेले असल्यामुळे विचार करण्यासारखी एकच गोष्ट उरते.

यानंतर नातीने भागाचा साचा आखला. बँकेत जसे छापील व्हाउचर असते, प्रत्येक रकाना ठरलेला आणि फक्त तपशील भरायचा, तसाच हा साचा होता. एकूण वेळ साठ सेकंद. यूट्यूबच्या शॉर्ट्सना ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे आणि इन्स्टाग्रामनेही २०२५ च्या आरंभी तेवढीच मर्यादा केली, तरी घरात एकाच मिनिटावर एकमत झाले. अण्णा एका मिनिटात जे सांगू शकत नाहीत ते बहुधा दोन प्रश्न असतात, आणि मग त्याचे दोन भाग करावेत, हा नियम ठरला.

त्या साठ सेकंदांचे पाच तुकडे केले. पहिल्या तीन सेकंदांत अण्णांच्या हातात भांडे आणि तोंडी प्रश्न, गिऱ्हाईक विचारते त्याच शब्दांत. पुढच्या सात सेकंदांत लोकांचा समज काय आहे ते. त्यानंतरची तीस सेकंदे हातांची, म्हणजे परीक्षा. येथे अण्णांनी कमी बोलायचे आणि हातांनी अधिक दाखवायचे. मग बारा सेकंदांत निष्कर्ष, तोही एकाच वाक्यात, आणि त्या वाक्याची कारणमीमांसा. शेवटची आठ सेकंदे निगा कशी राखावी याला, आणि सर्वांत शेवटी अण्णा भांड्यावर बोटाने एक टिचकी मारतात. काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा थोडा आखूड, स्टीलचा वेगळाच. ही टिचकी मालिकेची सही झाली. धंद्याच्या खात्यावरून इन्स्टाग्रामवर हवे ते चित्रपटगीत वापरता येत नाही, त्यामुळे पार्श्वसंगीताचा प्रश्न होताच. तो या टिचकीने कायमचा मिटला.

शब्दांचे मापही घालून दिले. अण्णांचे बोलणे संथ, त्यात परीक्षेच्या वेळी गप्प राहायचे, म्हणून एका भागाला नव्वद शब्दांहून अधिक नको. नव्वद शब्द एका पोस्टकार्डावर मावतात. म्हणून भागाची संहिता पोस्टकार्डावरच लिहायची असे ठरले. कार्डावर मावले नाही तर काहीतरी कापावे लागणार, हे लिहिणाऱ्याला तेथेच दिसते.

साचा कितीही नेटका असला तरी त्यात भरलेला मजकूर खरा नसेल तर पेढीच्या पतीला धक्का बसतो. याचा प्रत्यय चुंबकाच्या भागाने आला. तो भाग पुतण्याने लिहिला होता. त्याच्या कार्डावर शेवटचे वाक्य होते, "चुंबक चिकटले तर स्टील खोटे, घेऊ नका." वाक्य चटपटीत होते आणि लोकांच्या समजाला धरून होते. चित्रीकरणाच्या आधीच्या रविवारी सर्व कार्डे मोठ्याने वाचण्याचा रिवाज पाडला होता, त्या बैठकीत अण्णांनी हे कार्ड बाजूला ठेवले. त्यांनी दुकानातून तीन भांडी मागवली आणि घरच्यांसमोरच चुंबक लावून दाखवला.

पहिला डबा ३०४ जातीचा, म्हणजे ज्यात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. चुंबक लागला नाही. दुसरी वाटी स्वस्तातल्या २०२ जातीची, जिच्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते आणि जिला मिठाच्या पाण्याने डाग लवकर पडतात. तिलाही चुंबक लागला नाही. तिसरे इंडक्शनवर चालणारे चांगले जाड पातेले. त्याच्या बुडाला चुंबक घट्ट बसला, कारण इंडक्शनच्या शेगडीवर तापण्यासाठी बुडाला चुंबक लागणारे पोलाद मुद्दाम बसवलेले असते. पुढे त्यांनी ३०४ च्या डब्याच्या वळवलेल्या कडेला चुंबक नेला, तर तेथे तो किंचित ओढला गेला. थंड अवस्थेत पत्रा ओढून वाकवला की त्या जागी थोडे चुंबकत्व येते.

"आता सांग," अण्णा पुतण्याला म्हणाले, "तुझ्या वाक्याप्रमाणे हलकी वाटी खरी ठरली आणि चांगले पातेले खोटे ठरले. हे वाक्य आपल्या नावाने गावभर फिरले असते."

पुतण्याने कार्ड नव्याने लिहिले. त्याचा निष्कर्ष असा झाला, "चुंबक भांड्याची प्रत सांगत नाही, ते इंडक्शनवर चालेल की नाही एवढेच सांगतो." निगेच्या जागी खरेदीचा सल्ला आला. भांड्यावर आयएसआय चिन्ह आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या मानकाचा १४७५६ हा क्रमांक पाहावा, आणि बिलावर स्टीलची जात लिहून घ्यावी. शब्द सत्याऐंशी भरले. त्या दिवसापासून कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात अण्णांची आद्याक्षरी असल्याशिवाय ते चित्रीकरणाला घ्यायचे नाही, असा दंडक पडला. व्हाउचरवर लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही वेगळी असते, तोच हा न्याय.

आता प्रश्न आला तो वेळेचा. बाजाराची सुट्टी सोमवारी असते, म्हणून महिन्यातील दुसरा सोमवार हा चित्रीकरणाचा दिवस ठरला. त्या दिवशी शटर अर्धे वर, गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर टेंपोंची वर्दळ कमी. पहिल्या वेळी उत्साहाच्या भरात दहा भाग करण्याचे योजले होते. दिवसअखेर सहा झाले आणि त्यांतील शेवटच्या दोन भागांत अण्णांचा आवाज बसलेला स्पष्ट कळत होता. नातीने पहिला आणि सहावा भाग लागोपाठ लावून दाखवला, तेव्हा वाद उरला नाही. आठवड्याला एक भाग, दर बुधवारी, आणि महिन्याच्या चित्रीकरणात पाच भाग, हे प्रमाण कायम झाले.

पाच भाग म्हणजे पाचदा आरंभापासून शेवटपर्यंत करायचे, असा सर्वांचा समज होता. तो सूनबाईंनी बदलला. प्रत्येक भागात पाच तुकडे आहेत आणि ते सर्व भागांत सारखेच आहेत, मग भागांच्या क्रमाने न जाता तुकड्यांच्या क्रमाने जावे. सकाळी नऊ ते साधारण पावणेअकरा या वेळात पाचही भागांतील अण्णांचे बोलणे एकामागून एक घ्यायचे, भागाला वीस मिनिटे. आवाज ताजा असतो, फोन तिवईवर एकाच जागी असतो, प्रकाश एकच असतो. मग अण्णांना विश्रांती. अकरानंतर फोन खाली आणून, पाटावर भांडी मांडून, फक्त हातांच्या परीक्षा, पुन्हा भागाला वीस मिनिटे. दुपारी एकच्या आत सर्व आटोपते. हातांच्या चित्रणात अण्णा नसले तरी चालते, मात्र हात एकाचेच दिसावेत म्हणून तेथे नेहमी थोरला मुलगा बसतो आणि अण्णांसारखाच पांढरा सदरा घालतो. अण्णांचा सदरा आणि काळी टोपी बाराही महिने तीच. त्यामुळे जूनमध्ये घेतलेला भाग ऑगस्टमध्ये दाखवला तरी कोणाला खटकत नाही, आणि भागांचा क्रम केव्हाही बदलता येतो.

प्रत्येक तुकड्याच्या आरंभी नात खडूने लिहिलेली पाटी फोनसमोर धरते. भागाचा क्रमांक, तुकड्याचा क्रमांक आणि कितवा प्रयत्न, एवढेच तीवर असते. पहिल्या महिन्यात ही पाटी नव्हती. तेव्हा संध्याकाळी फोनमध्ये शंभराच्या वर तुकडे जमले होते आणि पाण्याची तांब्याची घागर दाखवणारे कोणते चित्रण कोणत्या प्रश्नाचे, हे जुळवण्यातच दोन रात्री गेल्या. आता ती रात्रीच सर्व तुकडे संगणकावर उतरवते, पाटीवरील क्रमांकच त्यांना नाव म्हणून देते, आणि दुसऱ्या एका पेटीत त्यांची प्रत ठेवल्यावाचून फोनमधून काही पुसत नाही.

भांड्यांच्या दुकानातील चित्रीकरणाच्या दोन अडचणी मात्र अन्य दुकानांत सहसा येत नाहीत. पहिली चकाकीची. घासलेले भांडे म्हणजे आरसाच. स्टीलच्या डब्यात फोन, तिवई आणि वाकलेला पुतण्या हे सर्व दिसत होते, आणि पूर्वेकडच्या दारातून येणाऱ्या उन्हाचा एक पांढरा फराटा भांड्याचा रंगच खाऊन टाकत होता. चकाकत्या वस्तूवर जे दिसते ते तिच्या आजूबाजूचे प्रतिबिंब असते. म्हणून भांड्यावरचा प्रकाश बदलायचा तर आजूबाजूचे बदलावे लागते. दाराला मांजरपाटाचा पांढरा पडदा लावला, त्याने ऊन मऊ होऊन पसरले. फोनच्या पुढे काळे कापड टांगले आणि त्याला भिंगापुरते भोक ठेवले. पितळेला मग त्याचा पिवळेपणा परत मिळाला. फोनच्या पडद्यावर बोट दाबून ठेवले की उजेड आणि नेम दोन्ही पक्के होतात. ते प्रत्येक तुकड्याआधी करावे लागते, नाहीतर हात हलला की चित्र उजळते आणि मावळते. ट्यूबलाइटही त्या वेळी बंद ठेवतात, कारण तिचा प्रकाश सेकंदाला शंभरदा लवतो आणि फोनचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात पट्टे सरकू लागतात.

दुसरी अडचण आवाजाची. अण्णा बोलले की मांडणीवरची पातेली आणि परातीही हळूच बोलत. कानाला ते जाणवत नसे, पण चित्रफितीत बोलण्याला विहिरीतल्यासारखा घुमारा येई. त्याला उपाय निघाला तो गोदामातला. मांडणीवर गोणपाट पसरले, टांगलेली भांडी उतरवून ठेवली, पंखा बंद केला आणि अण्णांच्या सदऱ्याच्या गुंडीजवळ लहानसा कॉलर माइक लावला. दिवसाचा पहिला तुकडा झाला की तो तेथेच हेडफोन लावून ऐकायचा, हा नियम त्यातून आला. चित्रातला दोष पुष्कळदा सावरता येतो, घुमणारा आवाज घरी बसून सुधारत नाही.

कल्हईचा भाग हा या साच्यात बसायला सर्वांत अवघड होता. त्यासाठी कल्हईवाल्याला त्याच सोमवारी बोलावले आणि भट्टी मागच्या अंगणात मांडली. भांडे तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो पातळ थर फिरवायचा. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे भांडे पुरते तापले की सर्व काम झरझर होते आणि लालसर बूड रुपेरी होते तो क्षण दोन-तीन सेकंदांचाच असतो. एकदा कल्हई झाली की त्याच भांड्याची पुन्हा घेता येत नाही. म्हणून तेथे एकसारखी दोन भांडी ठेवली आणि दोन फोन लावले, एक पूर्ण दृश्याला आणि एक भांड्याच्या तोंडाशी. नवसागराच्या धुराने पहिल्या भांड्याच्या वेळी जवळचे चित्र पांढरे झाले. वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहून दुसऱ्या वेळी फोन वाऱ्याकडच्या अंगाला घेतला आणि तो क्षण मिळाला. साचा असा असावा की अशा एखाद्या भागासाठी वेळ शिल्लक राहील. त्या महिन्यात उरलेले चारही भाग मुद्दाम सोपे निवडले होते.

पुढे तुकडे जोडणे, मराठी अक्षरे चढवणे हे काम नात दोन रविवारी करते. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून प्रत्येक वाक्य पडद्यावर उमटते. ही अक्षरे अगदी खाली ठेवत नाहीत, कारण तेथे खात्याचे नाव व बटणे येऊन त्यांना झाकतात. दहा भाग हातात तयार झाल्याशिवाय पहिला भाग दाखवायचा नाही, असे सूनबाईंनी ठरवले होते. पुतण्याला तो उशीर सोसवत नव्हता, पण दोन महिन्यांचा साठा हाती असल्यामुळे पुढे कोणत्याही बुधवारी धावपळ झाली नाही.

भाग दाखवू लागल्यावर किती लोकांनी पाहिले या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. नातीने मात्र दुसरीकडे पाहिले. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक भागाखाली एक रेषा दिसते. कितव्या सेकंदाला किती टक्के लोक अजून पाहत आहेत, ते ती रेषा सांगते. पहिल्या चार भागांत ती अगदी आरंभीच कोसळत होती. त्या भागांत प्रश्नाआधी पाच सेकंद नमस्कार, पेढीचे नाव आणि स्थापनेचे वर्ष येत असे. साच्यात नसलेली ही गोष्ट थोरल्या मुलाने आग्रहाने घुसवली होती. ती काढून पेढीचे नाव शेवटी टिचकीच्या वेळी दाखवले, तेव्हा रेषेचा तो कडा मोडला. आणखीही बदल सुचत होते, अक्षरांचा रंग, अण्णांची बसण्याची जागा, परीक्षेची लांबी. पण सूनबाईंनी तीन महिन्यांतून एकच बदल करण्याची मर्यादा घातली. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि साचा दर महिन्याला हलला तर तो साचा राहत नाही.

वर्षाचा ताळेबंदही त्यांनी आधीच मांडला होता. बावन्न बुधवार म्हणजे बावन्न भाग. बारा सोमवारांचे पाचप्रमाणे साठ. त्यांतून धनत्रयोदशीच्या आधीचा सोमवार वजा, कारण भांड्यांच्या धंद्याचा तो हंगाम आणि त्या महिन्यात सुट्टीचा दिवसही मोकळा नसतो. उरले पंचावन्न, म्हणजे वर्षाअखेर शिल्लक तीन. कागदावर ती पुरेशी वाटत होती.

पौषात अण्णांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. त्या महिन्याचा सोमवार गेला. पंचावन्नाचे पन्नास झाले आणि शिलकीच्या जागी दोनची तूट दिसू लागली. पुतण्याने सुचवले की दोन आठवडे जुनेच भाग पुन्हा दाखवावेत. थोरल्या मुलाने स्वतः अण्णांच्या जागी बसण्याची तयारी दाखवली. नातीने कार्डे पुन्हा चाळली तेव्हा तिच्या ध्यानात आले की साच्यातील साठ सेकंदांपैकी तीस सेकंदे हातांचीच आहेत, आणि हात तर पहिल्यापासून थोरल्या मुलाचेच होते. मग दोन भागांपुरता साचा थोडा वळवला. पडद्यावर सर्व वेळ फक्त भांडे आणि हात, आणि बोलणे अण्णांचे. अण्णा हिरवी पट्टी बांधून खोलीतच पडून होते. खिडक्या लावल्या, पलंगाभोवती दुलया टांगल्या, म्हणजे खोलीचा घुमारा जावा, आणि कॉलर माइक उशाला ठेवला. कार्ड वाचता येत नव्हते, म्हणून नात एकेक वाक्य हळू वाचे आणि अण्णा ते आपल्या शब्दांत म्हणत. एक भाग काळ्या पडलेल्या काशाच्या ताटाचा होता. चिंच आणि बारीक राख एवढ्यानेच ते उजळते, टाकून देण्याची गरज नसते, असे त्यात सांगायचे होते. तेथे कार्डावर नसलेले एक वाक्य अण्णा बोलून गेले, "ताट काळे पडले म्हणजे खराब झाले नाही बाळ, ते पुष्कळ दिवस कोणी घासले नाही एवढेच." शब्द नव्वदाच्या वर गेले होते. सूनबाईंनी ते वाक्य ठेवले आणि निगेचे एक वाक्य कापले.

त्या दोन भागांनी बावन्नचा आकडा जुळला. दुसऱ्या वर्षाची आखणी करताना घरच्यांनी दोन गोष्टी बदलल्या. महिन्याला पाच भागांचे प्रमाण तेच ठेवले, कारण अण्णांच्या आवाजाची तीच मर्यादा आहे. मात्र प्रत्येक सोमवारी शेवटची वीस मिनिटे कोणत्याही भागासाठी नसलेल्या बोलण्यासाठी राखली. गल्ल्याच्या वहीतील जे प्रश्न परीक्षेने दाखवता येत नाहीत, ते नात विचारते आणि अण्णांचा फक्त आवाज जतन करते. पूर्वी तांबट हाताने घागर कशी घडवत, मोड घेताना कस कसा पाहत, कोणत्या वर्षी स्टील आले आणि पितळ माळ्यावर गेले. यांतील पुष्कळसे कधी दाखवले जाणार नाही. तरी तारीखवार नावे देऊन त्याच पेटीत ते ठेवले जाते.

दुसरा बदल कार्डातला. उजव्या कोपऱ्यात अण्णांच्या आद्याक्षरीखाली आता आणखी एक जागा आखली आहे. तपासणाऱ्याची दुसरी सही तेथे होते आणि ती पुतण्याची असते. या महिन्याच्या पाच कार्डांपैकी एक त्याने अण्णांच्या आधीच परत पाठवले. पितळेच्या डब्यात लोणचे ठेवण्याचा तो प्रश्न होता, आणि कल्हई असेल तर चालते असे त्यावर लिहिले होते. कल्हई झिजली आहे हे घरच्या गृहिणीला डब्याच्या तळाशी कसे दिसेल, ते आधी लिहा, असा शेरा त्याने मारला आहे. पाचवे कार्ड त्यामुळे अजून कोरे आहे आणि दुसऱ्या सोमवारला नऊ दिवस बाकी आहेत.